डोमेन रिन्यूअलचं बिल ईमेलवर आलंय. ते आपल्याच रजिस्ट्रारचं आहे हे कसं ओळखायचं?

रेवती_लिपी

आमच्या संस्थेच्या वेबसाइटच्या info@ पत्त्यावर डोमेन रिन्यूअलचं बिल आलं आहे. सोबत पीडीएफ इनव्हॉइस, त्यावर इनव्हॉइस नंबर, आणि खाली पैसे भरायचं मोठं बटण. ठळक अक्षरांत लिहिलंय की २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत पैसे भरले नाहीत तर सेवा बंद होईल. खजिनदार म्हणतात भरून टाकू, उगाच साइट बंद पडायला नको.

मला शंका आहे, कारण रक्कम दरवर्षीच्या कितीतरी पट जास्त दिसते. पण शंका खोडून काढणारी एक गोष्टही त्यात आहे. बिलातल्या तक्त्यात आमच्या डोमेनची मुदत संपायची तारीख १४ मार्च २०२६ दिली आहे आणि ती अगदी बरोबर आहे. संस्थेचं नाव बरोबर, नेमसर्व्हरही बरोबर. हे सगळं रजिस्ट्रारशिवाय कुणाला कसं कळेल?

हेडरचा भाग देते. आमचं डोमेन आणि पाठवणाऱ्याचं डोमेन, दोन्ही बदलून लिहिली आहेत.

```
From: "Domain Renewal Dept" <billing@domain-notice.example>
Reply-To: accounts@pay-desk.example
To: info@example.com
Authentication-Results: mx.example.net;
  spf=pass smtp.mailfrom=domain-notice.example;
  dkim=pass header.d=domain-notice.example;
  dmarc=pass header.from=domain-notice.example
```

---

पाटीपेन्सिल

खोटं आहे. डिलीट करा.

---

दवबिंदू

पाटीपेन्सिल, इतक्या घाईनं निकाल देऊ नका. SPF, DKIM आणि DMARC तिन्ही पास आहेत. बनावट मेल असता तर निदान एक तरी फेल झाला असता. माझ्या मते मेल खरा आहे, रजिस्ट्रारने दर वाढवले असतील.

---

जुना_सर्व्हर

दवबिंदू, तिन्ही पास आहेत हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतोय.

या तपासण्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: From मध्ये जे डोमेन लिहिलंय, मेल खरोखर त्याच डोमेनच्या परवानगीने निघाला का? इथे उत्तर 'हो' आहे. मेल खरोखर domain-notice.example वरूनच आलाय. पण ते डोमेन कुणाचं, हे या तपासण्या सांगत नाहीत. कुणीही नवं डोमेन घेऊन त्यावर SPF आणि DKIM नीट लावू शकतो. फसवणारे ते आवर्जून लावतात, नाहीतर मेल स्पॅममध्ये जातो.

म्हणून 'पास' हा शब्द बघून थांबायचं नाही. त्याच्या पुढे header.d= आणि header.from= मध्ये काय लिहिलंय ते वाचायचं आणि ते आपल्या रजिस्ट्रारच्या डोमेनशी ताडून बघायचं. रेवतीताईंच्या मेलमध्ये रजिस्ट्रारचं नाव कुठेच नाही. शिवाय Reply-To तिसऱ्याच डोमेनवर जातोय. नुसत्या Reply-To वरून मी कुणाला खोटं ठरवणार नाही, कारण तिकीट सिस्टिम वापरणारे खरे रजिस्ट्रारही वेगळा पत्ता देतात.

आता मूळ प्रश्न, त्यांना एवढं कसं कळलं. डोमेनचं नाव, नोंदणीची तारीख, मुदतीची तारीख, रजिस्ट्रारचं नाव आणि नेमसर्व्हर हे सगळं उघड आहे. RDAP या डोमेनच्या सार्वजनिक नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर कुणीही विचारलं की मिळतं:

```
curl -sL https://rdap.org/domain/example.com | jq .
```

कमांड चालवायची नसेल तर lookup.icann.org वर डोमेन टाका, तीच माहिती वाचायला सोप्या मांडणीत दिसते. संस्थेचं नाव आणि info@ पत्ता तुमच्याच वेबसाइटच्या संपर्क पानावर असणार.

बिल वाचताना एक प्रश्न विचारायचा: यात असं काय आहे जे फक्त रजिस्ट्रारलाच माहीत असेल? तुमचा ग्राहक क्रमांक, पॅनलमध्ये दिसणारा इनव्हॉइस नंबर, कार्डचे शेवटचे चार आकडे, खात्याला लावलेला वैयक्तिक ईमेल. मुदतीची तारीख त्या यादीत बसत नाही.

---

दवबिंदू

header.d चं पटलं. म्हणजे ते डोमेन रजिस्ट्रारचं निघालं तर मेल खरा, बरोबर?

---

जुना_सर्व्हर

बऱ्याच अंशी हो. दोन पळवाटा उरतात. एक, अक्षराचा फरक असलेलं जुळं डोमेन: मध्ये एखादा हायफन, किंवा l च्या जागी 1. त्यामुळे डोळ्यांनी ताडण्यापेक्षा मागच्या वर्षीचा खरा पावतीचा मेल उघडून त्यातल्या header.d शी अक्षरशः कॉपी करून ताडा. दोन, रजिस्ट्रारच्या मेल यंत्रणेतलं एखादं खातंच कुणी बळकावलं असेल तर सगळं पास होईल आणि डोमेनही बरोबर असेल. म्हणून हेडर कितीही चांगला दिसला तरी पैसे मेलमधल्या लिंकवरून भरायचे नाहीत.

---

मध्यरेषा

माझंही असंच झालंय! ब्राउझरमध्ये साइटवर 'नॉट सिक्युअर' येतंय आणि सर्टिफिकेट संपल्याचं दाखवतंय. हे पण डोमेन रिन्यू न केल्यामुळेच का? कुठे पैसे भरायचे?

---

खडूफळा

मध्यरेषा, तो वेगळा विषय आहे. सर्टिफिकेट आणि डोमेन यांच्या मुदती स्वतंत्र असतात. डोमेन चालू असूनही सर्टिफिकेट संपू शकतं आणि बहुतेक वेळा तो होस्टिंगवरच्या आपोआप नूतनीकरणाचा बिघाड असतो. होस्टिंगच्या पॅनलमध्ये SSL चा भाग बघा आणि नवा धागा काढा, तिथे मदत करतो. तोवर 'सर्टिफिकेट रिन्यू करा' म्हणणाऱ्या कुठल्याही ईमेलला पैसे देऊ नका.

रेवतीताई, तुमच्या मेलच्या अगदी तळाशी बारीक, फिकट करड्या अक्षरांत काही मजकूर आहे का? पीडीएफच्या दुसऱ्या पानावरही बघा. तो कॉपी करून इथे द्या.

---

रेवती_लिपी

आहे! लक्षातच आलं नव्हतं. पांढऱ्यावर जवळजवळ पांढरी अक्षरं आहेत. महत्त्वाचा भाग देते:

```
THIS IS NOT A BILL. This is a solicitation for
the order of search engine submission services.
You are under no obligation to pay.
```

---

खडूफळा

मग उलगडा झाला.

अशा नोटिसांचे मुख्यतः तीन प्रकार दिसतात. तिन्हींत नुकसान वेगवेगळं होतं, म्हणून आपल्याकडे आलेला कुठला ते कळलेलं बरं.

तुमचा प्रकार 'सर्च इंजिन सबमिशन'वाल्यांचा. हे डोमेन रिन्यू करतच नाहीत, करूही शकत नाहीत. ते तुम्हाला सर्च इंजिनमध्ये नोंद करून द्यायची 'सेवा' विकतात, जिची कुणालाच गरज नसते. मोठ्या अक्षरांत 'डोमेन', 'मुदत संपते', 'अंतिम सूचना' आणि बारीक अक्षरांत 'हे बिल नाही'. उद्या तक्रार आली तर 'आम्ही तर लिहिलं होतं' म्हणायची सोय. २१ नोव्हेंबर ही तारीखही त्यांच्या 'ऑफर'ची आहे, तुमच्या डोमेनची नाही. एकाच कागदावर दोन तारखा आहेत, घाबरवणारी मोठ्या अक्षरांत आणि खरी लहान अक्षरांत.

दुसरा प्रकार डोमेन दुसरीकडे हलवणाऱ्यांचा. बिल भरताना तुम्ही नकळत ट्रान्सफरला संमती देता आणि डोमेन दुसऱ्या, महागड्या रजिस्ट्रारकडे जातं. हा जुना उद्योग आहे, पूर्वी टपालाने पत्रं यायची. डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या नावाने अशी पत्रं जायची आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्येच त्यांच्याविरुद्ध कारवाई केली होती. तरी पत्रं थांबली नाहीत. पुढे २०१४ मध्ये त्यांच्याशी संबंधित ब्रँडन ग्रे इंटरनेट सर्व्हिसेस या रजिस्ट्रारला आयकॅनने, म्हणजे रजिस्ट्रारना मान्यता देणाऱ्या संस्थेने, निलंबित केलं. यात लक्षात ठेवायचं ते असं की तो आयकॅनची मान्यता असलेला रजिस्ट्रार होता. म्हणजे 'पाठवणारा मान्यताप्राप्त आहे का' एवढं तपासून भागत नाही. तो तुमचा रजिस्ट्रार आहे का, हे बघायचं.

तिसरा सरळ चोरीचा. रजिस्ट्रारच्या लॉगिन पानाची हुबेहूब नक्कल, तिथे पासवर्ड किंवा कार्ड नंबर टाकला की गेला.

---

शेवटचा_बाकडा

दोन तारखा, एक फॉन्ट १८ चा आणि एक ८ चा. खजिनदारांना चष्म्यासकट मीटिंगला बोलवा. :)

---

पाटीपेन्सिल

म्हणजे माझं बरोबर होतं. डिलीट करा.

---

जुना_सर्व्हर

हो, निकाल बरोबर होता. पण याच नोटिशीच्या पुढच्याच आठवड्यात रजिस्ट्रारची खरी नोटीसही येऊ शकते आणि ती डिलीट झाली तर डोमेन जाऊ शकतं. म्हणून तपासायची रीत हाताशी असलेली बरी.

रेवतीताई, मेल बाजूला ठेवून उलट्या टोकापासून सुरू करा. मेल म्हणतो ते खरं का, हे शोधत बसण्यापेक्षा डोमेनची स्थिती काय आहे, हे रजिस्ट्रीला, म्हणजे .com सारख्या डोमेनची मूळ नोंदवही ठेवणाऱ्या संस्थेला विचारा. lookup.icann.org वर जे दिसेल त्यातल्या चार गोष्टी इथे द्या: रजिस्ट्रारचं नाव, त्याचा IANA ID हा ओळख क्रमांक, मुदतीची तारीख आणि status.

---

रेवती_लिपी

रजिस्ट्रार म्हणून जे नाव दिसतंय ते मी कधी ऐकलेलं नाही! आम्ही दरवर्षी पैसे आमच्या होस्टिंगवाल्यांना देतो, त्यांचं नाव तिथे कुठेच नाही. म्हणजे डोमेन आधीच कुणी पळवलं का?

बाकीचं असं:

```
"status": ["client transfer prohibited"]
registration  2019-03-14T06:12:40Z
expiration    2026-03-14T06:12:40Z
```

---

जुना_सर्व्हर

घाबरू नका, अनोळखी नाव दिसलं म्हणजे डोमेन पळवलंच असं नाही. नोंदणीची तारीख २०१९ ची आहे आणि ट्रान्सफरला कुलूप आहे, पण एवढ्यावरूनच खात्री होत नाही.

अनेक होस्टिंग कंपन्या स्वतः रजिस्ट्रार नसतात. एखाद्या मोठ्या रजिस्ट्रारच्या रिसेलर असतात. पैसे तुम्ही रिसेलरला देता, नोंद मात्र मागच्या रजिस्ट्रारच्या नावावर दिसते. काही नोंदींत Reseller असा वेगळा रकाना असतो, पण तो भरलेलाच असेल याची खात्री नसते.

खात्री करायला होस्टिंगवाल्यांच्या पॅनलमध्ये लॉगिन करा. पत्ता स्वतः टाइप करून किंवा जुन्या बुकमार्कवरून जा, मेलमधून नको. सर्च इंजिनमध्ये नाव टाकून वर येणाऱ्या जाहिरातीवरूनही नको, तिथेही नकली पानं सापडतात. पॅनलमध्ये डोमेनच्या पानावर मुदतीची तारीख १४ मार्च २०२६ दिसते का बघा. मग बिलिंगमध्ये थकीत इनव्हॉइस आहे का आणि त्याचा नंबर मेलमधल्या नंबराशी जुळतो का ते बघा. शेवटी सपोर्टला तिकीट टाकून एकच प्रश्न विचारा: 'तुम्ही आमच्या डोमेनसाठी कुठल्या रजिस्ट्रारचे रिसेलर आहात?' उत्तरातलं नाव RDAP मधल्या नावाशी जुळलं की साखळी पूर्ण झाली.

अडचण एवढीच की रिसेलर असेल तेव्हा खऱ्या नोटिसा दोन ठिकाणांहून येऊ शकतात, रिसेलरकडून किंवा रजिस्ट्रारच्या यंत्रणेतून, तेही कधी कधी तटस्थ नावाच्या डोमेनवरून. त्यामुळे 'अनोळखी पत्ता म्हणजे खोटं' हा नियम इथे चालत नाही. होस्टिंगवाल्यांना विचारून घ्या की नोटिसा नेमक्या कुठल्या पत्त्यांवरून येतात, आणि ते पत्ते लिहून ठेवा.

---

गवतफूल

खऱ्या नोटिसा कधी येतात याचेही नियम आहेत. .com, .org, .net सारख्या डोमेनसाठी आयकॅनच्या धोरणाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीआधी साधारण एक महिना आणि पुन्हा साधारण एक आठवडा अशी आठवण द्यायलाच हवी. रिन्यू झालं नाही तर मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. याहून जास्त किंवा लवकर आठवणी द्यायला मनाई नाही, काही जण दोन-तीन महिने आधीपासून पाठवतात. पण चार महिने आधी आलेली 'अंतिम सूचना' म्हणजे उघड विसंगती. पहिल्या आठवणीआधी अंतिम कशी येईल?

देशांच्या डोमेनना हे वेळापत्रक लागू नाही. प्रत्येक देशाची रजिस्ट्री स्वतःचे नियम ठरवते. .de च्या सार्वजनिक नोंदीत तर मुदतीची तारीखच दिसत नाही, त्यामुळे तिथे रजिस्ट्रारच्या पॅनलला पर्याय नाही.

---

दवबिंदू

मग सोपं आहे की. नोटीस आली की RDAP वर तारीख बघायची. तारीख पुढच्या वर्षीची दिसली तर रिन्यू झालेलं आहे, काही करायचं नाही.

---

गवतफूल

दवबिंदू, इथे मोठा खड्डा आहे.

.com सारख्या डोमेनमध्ये मुदत संपली की रजिस्ट्री स्वतःहून तारीख एक वर्ष पुढे ढकलते. तुम्ही पैसे भरलेले असोत वा नसोत. त्यानंतर ४५ दिवसांपर्यंत रजिस्ट्रार ते डोमेन परत करून आपले पैसे सोडवू शकतो. म्हणजे १४ मार्च २०२६ ला कुणीच काही भरलं नाही तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रजिस्ट्रीच्या नोंदीत १४ मार्च २०२७ दिसू लागेल. बघणाऱ्याला वाटेल झालं रिन्यू, आणि रजिस्ट्रारकडे डोमेन थकीत असेल.

काही रजिस्ट्र्या अशा वेळी status मध्ये auto renew period दाखवतात, पण तो सगळीकडे दिसेलच असं नाही. म्हणून lookup.icann.org वर रजिस्ट्रीच्या तारखेशेजारी रजिस्ट्रारची तारीख वेगळी दिसते का ते बघायचं. दोन्ही तारखांत वर्षाचा फरक असेल तर पैसे भरायचे राहिलेत.

हे सांगण्याचं कारण धाग्याच्या विषयाशीच जोडलेलं आहे. खोट्या बिलात पैसे गेले हे नुकसान कमी. मोठं नुकसान असं की खजिनदारांच्या वहीत 'डोमेन: भरले' अशी नोंद होते. मग मार्चमध्ये खरी आठवण आली की ती खोटी समजून काढून टाकली जाते. वर कुणी RDAP बघितलंच तर तारीख पुढच्या वर्षीची दिसते. रजिस्ट्रारने डोमेन सोडलं की redemption period लागतो, तो ३० दिवसांचा. त्यात परत मिळतं, पण रिन्यूअलच्या कितीतरी पट शुल्क लागतं. त्यानंतर pending delete चे ५ दिवस, त्यात कुणीच काही करू शकत नाही. आणि मग डोमेन सगळ्यांना खुलं.

---

रेवती_लिपी

बापरे. आमच्याकडे नेमकं हेच झालं असतं. खजिनदार एकदा पावती फाइलला लावली की पुन्हा उघडत नाहीत.

---

पाटीपेन्सिल

ऑटो-रिन्यू चालू ठेवा, मग कुठल्याच मेलकडे बघायची गरज नाही.

---

खडूफळा

ऑटो-रिन्यू चालू ठेवावं याला माझा पाठिंबा आहे. पण 'बघायची गरज नाही' हे धोक्याचं. कार्डची मुदत संपली, बँकेने व्यवहार नाकारला किंवा कार्ड बदललं की ऑटो-रिन्यू निष्फळ ठरतं. मग रजिस्ट्रारचा खरा मेल येतो: 'पेमेंट अयशस्वी, कार्डची माहिती अद्ययावत करा.' चोरांचा आवडता मजकूरही हाच. मजकूर वाचून दोन्हींत फरक करणं जवळपास अशक्य आहे. दोन्हींवर उपाय एकच, मेल बंद करून पॅनल उघडायचं. खरंच पेमेंट अडकलं असेल तर तिथे दिसेलच.

---

शेवटचा_बाकडा

यापेक्षा दहा वर्षांसाठी एकदम रिन्यू करा. .com ला तेवढी कमाल मर्यादा आहे. झंझटच नको.

---

गवतफूल

संस्थांसाठी मला ते नको वाटतं. दहा वर्षांत पदाधिकारी बदलतात, खात्याला लावलेला ईमेल बंद पडतो, पासवर्ड कुणाकडे होता ते कुणालाच आठवत नाही. दरवर्षी एकदा पॅनलमध्ये जावं लागलं की निदान लॉगिन जिवंत राहतं.

---

शेवटचा_बाकडा

उलट दरवर्षी जावं लागतं म्हणूनच दरवर्षी फसायची संधी मिळते ना? तारीख २०३५ ची असेल तर आत्ता आलेलं प्रत्येक बिल बघताक्षणी खोटं ठरतं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

---

मध्यरेषा

सर्टिफिकेटचं जमलं, धन्यवाद खडूफळा. आता खरोखर या धाग्याचा प्रश्न. मला 'तुमची संपर्क माहिती १५ दिवसांत पडताळा, नाहीतर डोमेन स्थगित होईल' असा मेल आलाय. पैसे मागितलेले नाहीत, नुसती लिंक आहे. हाही खोटाच धरायचा ना?

---

जुना_सर्व्हर

नाही, इथे थांबा. हा मेल खरा असण्याची चांगली शक्यता आहे. नवं डोमेन घेतलं, ट्रान्सफर केलं किंवा मालकाची माहिती बदलली की रजिस्ट्रारला ईमेल किंवा फोन पडताळून घ्यावा लागतो. १५ दिवसांत प्रतिसाद आला नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं. गेल्या काही दिवसांत तुम्ही यातलं काही केलंय का? केलं असेल तर मेल अपेक्षितच आहे. तरी पॅनलमध्ये लॉगिन करून बघा, बऱ्याच ठिकाणी पडताळणी बाकी असल्याची पट्टी दिसते आणि तिथून नवा मेल मागवता येतो. स्वतः मागवला आणि लगेच आला, तर तो कुठून आला याची शंका उरत नाही.

वर्षातून एकदा 'तुमची नोंद तपासून बघा' असाही मेल रजिस्ट्रारकडून येतो. त्यात माहिती बरोबर असेल तर काहीच करायचं नसतं. त्यात पैशांची मागणी दिसली तर मात्र तो त्या जातीचा मेल नव्हे.

आणि आयकॅनचं बोधचिन्ह लावून कुणी रिन्यूअलचे पैसे मागत असेल तर तेही खोटं. डोमेनधारकाकडून आयकॅन थेट रिन्यूअल फी घेत नाही.

---

मध्यरेषा

माहिती बदलली होती, फोन नंबर. पॅनलमध्ये पट्टी दिसतेय. तिथून मेल मागवते.

---

कोरा_कागद

उशिरा विचारतोय. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने असंच बिल भरून टाकलंय. आता काय?

---

खडूफळा

कोरा_कागद, आधी त्यांनी नेमकं काय दिलं ते शोधा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

नुसते कार्डने पैसे दिले असतील तर बँकेला फोन करून व्यवहारावर आक्षेप नोंदवा आणि कार्ड बदलून घ्या. कार्ड तेच ठेवलं तर पुढच्या वर्षी पुन्हा रक्कम कापली जाऊ शकते, कारण यातले काही जण वार्षिक वर्गणी म्हणून नोंद करतात. बारीक अक्षरांतला 'हे बिल नाही' हा मजकूर बँकेला आवर्जून दाखवा. तरी पैसे परत मिळतीलच असं सांगता येत नाही, ते बँकेवर अवलंबून आहे.

पासवर्ड दिला असेल तर हे सगळ्यात निकडीचं. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा, चालू असलेली सगळी सत्रं बंद करा. मग खात्याचा ईमेल, नेमसर्व्हर आणि DNS मधल्या MX नोंदी बघा. MX बदलला की त्या डोमेनचे सगळे मेल दुसरीकडे वळतात आणि इतर खात्यांचे पासवर्डही त्यातून बदलून घेता येतात. बरेच जण नेमसर्व्हर बघतात आणि MX बघायचं विसरतात.

ट्रान्सफरचा कोड, म्हणजे ऑथ कोड दिला असेल तर पॅनलमध्ये जाऊन डोमेनला कुलूप लावा आणि कोड नवा तयार करा. ट्रान्सफर सुरू झालीच असेल तर सध्याच्या रजिस्ट्रारकडून तसा मेल येतो आणि नकार द्यायला साधारण पाच दिवस मिळतात. या मेलला उत्तर दिलं नाही तर ती संमती धरली जाते, म्हणून स्पॅम फोल्डरही बघा.

आणि तिन्ही बाबतीत, खरं रिन्यूअल अजून बाकी आहे हे त्यांना सांगा. गवतफूल यांनी वर लिहिलंय ते पुन्हा वाचायला द्या.

---

कोरा_कागद

नुसतं कार्ड दिलंय. कळवतो. तक्रार कुठे करायची?

---

जुना_सर्व्हर

ज्या डोमेनवरून बिल आलं, त्याचीच RDAP नोंद काढा. त्यात त्या डोमेनच्या रजिस्ट्रारचा abuse संपर्क असतो. तिथे मेल पूर्ण हेडरसकट, जोडपत्र म्हणून पाठवा. नुसता फॉरवर्ड केला तर मूळ हेडर गळून पडतात आणि त्यांना काही करता येत नाही. त्याच नोंदीत डोमेन कधी घेतलं ते दिसेल. काही आठवड्यांपूर्वीचंच निघालं तर तेही तक्रारीत लिहा. फिशिंग असेल तर रजिस्ट्रार कारवाई करतात. 'हे बिल नाही' असं लिहिणाऱ्यांवर कारवाई होणं अवघड जातं, ते शब्द त्यांनी त्यासाठीच घातलेले असतात.

---

रेवती_लिपी

पॅनलमध्ये स्वतः पत्ता टाकून गेले. मुदत १४ मार्च २०२६, थकीत इनव्हॉइस एकही नाही. मेलमधला नंबर तिथे कुठेच सापडला नाही. सपोर्टचं उत्तरही आलं, त्यांनी ज्या रजिस्ट्रारचं नाव दिलं तेच RDAP मध्ये आहे. त्यांच्या नोटिसा ज्या दोन पत्त्यांवरून येतात ते पत्तेही मागून घेतले.

एक गोष्ट नवीन कळली. डोमेनच्या खात्याला जो ईमेल लावलाय तो आधीच्या चिटणीसांचा वैयक्तिक पत्ता आहे. म्हणजे खऱ्या नोटिसा त्यांना जात होत्या आणि info@ वर आजवर आलेल्या सगळ्या खोट्या होत्या.

---

जुना_सर्व्हर

मग तो पत्ता आत्ताच बदलून घ्या, मार्चची वाट बघू नका. बदलताना दोन गोष्टी होतील. नव्या पत्त्यावर पडताळणीचा मेल येईल, तो खरा असेल, १५ दिवसांत उत्तर द्या. आणि काही ठिकाणी जुन्या पत्त्यावरूनही मंजुरी लागते, म्हणून आधीच्या चिटणीसांना अगोदर फोन करून ठेवा. मालकाचं नाव बदललं तर काही रजिस्ट्रार ६० दिवस ट्रान्सफर बंद ठेवतात, पण रिन्यूअलला त्याने अडथळा येत नाही.

नवा पत्ता याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचा मेलही त्याच बंद पत्त्यावर जाईल. आणि info@ तर नकोच, तो संपर्क पानावर उघडा पडलेला आहे. दुसऱ्या सेवेवर फक्त डोमेनसाठी एक पत्ता काढा, तो वेबसाइटवर कुठेही देऊ नका. मग info@ वर आलेलं डोमेनचं बिल न उघडताच ओळखू येईल.

---

रेवती_लिपी

पत्ता काढते. चिटणीसांना आज संध्याकाळी फोन लावते. त्यांचा तो ईमेल अजून चालू असला म्हणजे मिळवलं, नसेल तर पुन्हा इथेच विचारायला येईन.